फळीला स्क्रू की खिळा: आधी ताण कुठून येतो ते पाहा

"खिळ्यांचा जमाना गेला. फळ्या जोडायच्या तर सरळ स्क्रू वापरा, तोही जितका लांब आणि जाड मिळेल तितका. जोड हलणार नाही."

यातलं स्क्रूचं कौतुक अर्धं खरं आहे. फळी वर उचकटली जाईल अशा जागी स्क्रूच हवा, कारण त्याचे आटे लाकडात रुतलेले असतात आणि खिळा मात्र मुख्यतः घर्षणावर धरून असतो. पण फळी बाजूला सरकू पाहते तिथे साधा खिळा वाकतो आणि तरीही धरून राहतो. कडक केलेला बारीक स्क्रू तिथे कटकन तुटतो. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू तर वजन पेलणाऱ्या जोडात वापरूच नयेत.

आता लांबी. समजा, १८ मिमीची फळी ४० मिमी जाडीच्या पट्टीवर बसवायची आहे. स्क्रूचा साधारण दोन तृतीयांश भाग खालच्या लाकडात जायला हवा. ५० मिमीचा घेतला, तर ३२ मिमी खाली जातो आणि पट्टीत ८ मिमी शिल्लक राहतात. ६० मिमीचा स्क्रू पट्टीच्या पलीकडे टोक काढेल. खिळाही इथे ५० ते ५५ मिमीचाच घ्यावा, म्हणजे वरच्या फळीच्या साधारण तिप्पट.

खरी गफलत लांबीपेक्षा आट्यांत होते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डोक्यापर्यंत आटे असलेला स्क्रू दोन्ही लाकडांत एकाच वेळी धरतो. सुरुवातीला फळ्यांमध्ये जरा फट असेल, तर कितीही पिळा, ती तेवढीच राहते, कारण दोन्ही लाकडं आट्यांवर सारख्याच वेगाने सरकतात. डोकं फळीत रुतत चाललंय पण फटीत कागद अजून शिरतोय, असं दिसलं की हेच झालंय समजा. आणखी जोर लावू नका, स्क्रू काढा. ४ मिमी स्क्रूसाठी वरच्या फळीत जेमतेम ४ मिमीहून मोठं, मोकळं भोक पाडा, म्हणजे आटे तिथे धरणारच नाहीत. खाली मऊ लाकडात २.५ मिमीचं, कठीण लाकडात ३ मिमीचं भोक पुरतं. आता डोकं वरच्या फळीला खाली ओढतं आणि फट मिटते.

जाडीचा हव्यास फळीच्या टोकाजवळ अंगाशी येतो. तिथे ६ मिमीचा स्क्रू पाचरीसारखा घुसतो आणि लाकूड धाग्यांच्या दिशेने चिरतं. १८ मिमीच्या फळीला ४ मिमी भरपूर झाला. जास्त ताकद हवी असेल, तर एक जाड घेण्याऐवजी दोन बारीक घ्या, एकाच धाग्यावर येणार नाहीत असे थोडे तिरपे सरकवून. खिळा ठोकताना त्याचं टोक हातोडीने जरा बोथट करा. बोथट टोक धागे बाजूला रेटत नाही, चिरडत जातं.

फळीच्या कापलेल्या तोंडात, म्हणजे धाग्यांच्या दिशेने, मात्र खिळा आणि स्क्रू दोघांचीही पकड बरीच कमी होते. तिथे सरळ ठोकलेला खिळा हळूहळू सुटतो, म्हणून खिळे आळीपाळीने उलटसुलट तिरपे घालावेत, नाहीतर आतून एक पट्टी लावून स्क्रू तिच्यात घ्यावेत.