टायटल आणि मोठं शीर्षक एकच का ठेवू नये: हळदीच्या दुकानातला अनुभव

“वेबसाइटवाल्यांनो, टायटल टॅग आणि पानावरचं मोठं शीर्षक, म्हणजे एच-वन, शब्दन्‌शब्द एकच ठेवा. वेगळं दिसलं की गूगल पानाला फसवं समजून खाली ढकलतं. साठ अक्षरांपुढचं टायटल तर गूगल वाचतच नाही.”

हा संदेश गेल्या काही महिन्यांत सांगलीतल्या तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांनी मला पुढे पाठवला. त्यातल्या एका दुकानात तो तंतोतंत पाळलाही गेला. मार्केट यार्डातलं हळद आणि बेदाण्याचं आडत दुकान, साइट मीच बांधलेली. दुकानातल्या अण्णांची मुलगी ती सांभाळते, आणि तिनं एका दुपारी बसून सगळ्या पानांची टायटलं बदलली. त्यातून काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून या तिन्ही वाक्यांना क्रमाने उत्तर देतो.

पहिल्या वाक्यावरच सगळं उभं आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देतो. टायटल टॅग पानाच्या `<head>` भागात असतो. पान उघडून वाचणाऱ्याला मजकुरात तो कुठेच दिसत नाही. तो दिसतो ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कमध्ये, हिस्टरीत आणि गूगलच्या निकालात. म्हणजे पान समोर नसताना ते ओळखायचं असेल तिथे. `<h1>` मात्र पानाच्या आत असतं, आणि ते वाचणारा माणूस आधीच आत आलेला असतो. त्याच्या डोळ्यासमोर वर दुकानाचं नाव आहे, शेजारी मेन्यू आहे, खाली फोटो आहे. दुकानात पोत्यावर खोचलेल्या चिठ्ठीवर नुसतं ‘राजापुरी’ लिहिलं तरी भागतं, कारण गिऱ्हाईक हळदीच्या पोत्यासमोरच उभं असतं. तीच चिठ्ठी रस्त्यावर पडलेली सापडली तर ती कशाची, कुणाची, काही कळणार नाही.

हे माझं खासगी मत नाही. एचटीएमएलच्या प्रमाणातच लिहिलं आहे की पानाचं टायटल संदर्भ सुटला तरी ओळखू यायला हवं, आणि ते पहिल्या शीर्षकापेक्षा बऱ्याचदा वेगळं असतं, कारण शीर्षकाला संदर्भाबाहेर एकट्याने उभं राहावं लागत नाही. ज्यांनी हे दोन टॅग ठरवले त्यांनीच दोघांना वेगळी कामं दिली आहेत.

मग ‘एकच ठेवा’ हा समज आला कुठून? माझ्या मते वर्डप्रेसमधून. तिथे पोस्टचं नाव आपण एकाच चौकटीत भरतो. थीम ते उचलून पानावर `<h1>` म्हणून छापते आणि टायटलमध्येही तेच साइटच्या नावासह जातं. एसईओचं प्लगइन टाकलं की टायटलसाठी वेगळी चौकट मिळते, पण ती बहुतेक जण रिकामीच सोडतात. वर्षानुवर्षं दोन्हीकडे एकच मजकूर पाहिला की तो नियमच वाटायला लागतो.

आता त्या दुकानाकडे येतो. साइटवर हळदीचा आणि बेदाण्याचा असे दोन विभाग आहेत आणि प्रत्येकात सौद्यांच्या दरांचं एक पान आहे. विभागाचं नाव वरच्या पट्टीत मोठं दिसतं, म्हणून पानाच्या शीर्षकात मी फक्त ‘आजचे दर’ ठेवलं होतं. हळदीच्या पानाची मूळ मांडणी अशी होती:

```html
<title>सांगली हळद सौदे: राजापुरीचे आजचे दर</title>
<h1>आजचे दर</h1>
```

संदेश वाचून तिनं टायटलसुद्धा ‘आजचे दर’ केलं. बेदाण्याच्या पानावरही तेच. आता दोन पानांना एकच टायटल, आणि त्यात ना हळद, ना बेदाणा, ना सांगली. दर बघणारी माणसं चार-पाच व्यापाऱ्यांची पानं एकाच वेळी उघडून बसतात. त्यांच्या ब्राउझरमध्ये ‘आजचे दर’ नावाचे दोन टॅब शेजारी शेजारी उभे राहिले. बुकमार्कमध्येही तीच गत. थोड्या दिवसांनी तिचा फोन आला, “दादा, लोक म्हणतात पान सापडंना झालंय, दर फोनवरच सांगा.” स्क्रीन रीडर वापरणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. पान उघडताच त्याला आधी टायटल ऐकू येतं, आणि कुठल्या टॅबमध्ये आहोत हे तो त्यावरूनच ओळखतो. त्याच्यासाठी ती दोन पानं सारखीच झाली होती.

दुसऱ्या पानावर तिनं उलट केलं. हळद पावडरच्या पानाचं टायटल लांब होतं, ते तसंच उचलून तिनं `<h1>` मध्ये टाकलं: ‘राजापुरी हळद पावडर ५०० ग्रॅम, घरपोच, सांगलीच्या आडत दुकानातून’. संगणकावर ते ठीक दिसलं. मोबाइलवर त्या शीर्षकाने चार ओळी खाल्ल्या, पाकिटाचा फोटो अर्धा खाली गेला आणि किंमत बघायला स्क्रोल करावं लागू लागलं. तिथे ‘हळद पावडर, ५०० ग्रॅम’ एवढंच शीर्षक पुरेसं आहे. घरपोच मिळतं हे खाली बटणाशेजारी लिहिलेलंच होतं.

आणखी एक पान मला फार आवडतं. हरिपूरच्या पेवांवरचं. जमिनीत खणलेल्या त्या खोल पेवांमध्ये हळद साठवायची जुनी पद्धत अण्णांनी स्वतः सांगितली आणि मुलीनं लिहून काढली. तिथे शीर्षक आहे ‘जमिनीखालचं कोठार’. पानावर लगेच पेवाचा फोटो दिसतो, त्यामुळे ते शीर्षक वाचणाऱ्याला धरून ठेवतं. पण गूगलमध्ये ‘जमिनीखालचं कोठार’ कोण शोधणार? शोधणारा ‘हरिपूर पेव हळद’ असंच काही लिहिणार. म्हणून टायटल आहे ‘हरिपूरची पेवं: सांगलीत हळद कशी साठवत’. विषय एकच, फक्त एक ओळ आत आलेल्यासाठी आणि दुसरी बाहेरच्यासाठी. दोन्ही ओळी वेगळ्या असायलाच हव्यात असं जर कुठलं पान असेल तर ते हे.

दुसरं वाक्य गूगलच्या रागाचं. टायटल आणि शीर्षक अक्षरशः जुळलंच पाहिजे असा नियम गूगलच्या मार्गदर्शनात नाही. शब्द वेगळे म्हणजे फसवणूक, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. पण या भीतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं की निकालातली ओळ ठरवताना ते टायटल टॅगबरोबर पानावरचं दिसणारं मुख्य शीर्षक आणि इतर मजकूरही बघतात, आणि टॅग नीट वाटला नाही तर ओळ बदलतात. पुढच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरला जातो. म्हणजे बहुतेक वेळा तुमचंच टायटल दिसतं. बदललं तर समजावं की गूगलला त्यात काहीतरी खटकलं आहे.

काय खटकतं, ते मी याच साइटवर पाहिलं. हळदीच्या हंगामाचं एक पान होतं. `<h1>` मध्ये तिनं नवं वर्ष टाकलं, पण टायटलमध्ये मागच्या हंगामाचं वर्ष तसंच राहिलं, कारण ते वेगळ्या चौकटीत होतं आणि डोळ्यासमोर नव्हतं. काही दिवसांनी निकालात टायटलऐवजी शीर्षकातली ओळ दिसायला लागली. इथे गूगलचं बरोबर होतं आणि आमचं चुकलं होतं. माझं म्हणणं नेमकं इथेच आहे: शब्द, लांबी, सूर वेगळे असू देत, पण वर्ष, माल, गाव, वजन यांत दोन ओळींनी दोन गोष्टी सांगायच्या नाहीत. टायटलमध्ये ‘बेदाणा’ आणि शीर्षकात ‘द्राक्षं’, किंवा टायटलमध्ये ‘घाऊक’ आणि आत फक्त किरकोळ पाकिटं, असं झालं तर आलेला माणूस उलट्या पावली जातो.

दुसरी चूक आपल्या मराठी साइटवर सर्रास दिसते. मजकूर आणि शीर्षक मराठीत, पण टायटल मात्र साइट बनवणाऱ्याने टाकलेलं इंग्रजीच राहिलेलं. गूगल सांगतं की टायटल पानाच्या मुख्य मजकुराच्याच भाषेत आणि लिपीत हवं, नाहीतर ते दुसरा मजकूर निवडू शकतात. तुमच्या पानावर नेमकं काय आहे ते बघायचं असेल तर क्रोममध्ये एफ-१२ दाबून कन्सोलमध्ये हे लिहा:

```js
console.log(document.title)
console.log(document.querySelector("h1").innerText)
```

दोन ओळी एकाखाली एक दिसतात. त्या वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: या दोन्ही ओळी एकाच पानाबद्दल खरं सांगताहेत का? टायटल सुधारल्यावर निकालातली ओळ त्याच दिवशी बदलेल असं मात्र नाही. गूगलने पान पुन्हा वाचेपर्यंत जुनीच दिसते.

तिसऱ्या वाक्याला मोजकं उत्तर. टायटलला गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढं ते दाखवतात आणि पुढचं कापतात. दाखवलं नाही म्हणजे वाचलं नाही, असा अर्थ होत नाही. आणि देवनागरीत ‘साठ अक्षरं’ मोजायची तरी कशी? `"क्विंटल".length` लिहून बघा, उत्तर ७ येतं, डोळ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. मोजणाऱ्या साधनाने लाल रंग दाखवला म्हणून चांगली ओळ तोडू नका. ओळख पटवणारे शब्द सुरुवातीला घ्या, म्हणजे शेपूट कापलं गेलं तरी चालेल. दुकानाचं नाव शेवटी आलं तरी हरकत नाही, कारण गूगल आता निकालात साइटचं नाव वेगळं दाखवतं.

दुकानातली पानं आम्ही पूर्ववत केली. दरांच्या दोन्ही पानांची टायटलं आता ‘सांगली हळद सौदे’ आणि ‘सांगली बेदाणा सौदे’ या शब्दांनी सुरू होतात, आत दोन्हीकडे शीर्षक ‘आजचे दर’च आहे. हंगामाचं वर्ष मात्र आता एकाच रकान्यात भरायचं आणि तिथूनच ते टायटलमध्ये आणि शीर्षकात जातं. बाकीचे शब्द मुलगी दोन्ही ठिकाणी वेगळे लिहिते, आणि ते बदलल्यावर मला आधी टॅबचा फोटो पाठवते.