पिना पुसल्या, केबल बदलली, तरी चार्जिंगचं चिन्ह येतं आणि जातं

"भाऊ, तुमचा लेख वाचून पिना पुसल्या, तालुक्याहून नवीन केबल आणली. तरी घड्याळ ठेवलं की चार्जिंगचं चिन्ह येते अन् जाते. बॅटरीच गेली असंल, सरळ सांगा ना. लोकाईले केबलचा खर्च काहून लावता? अन् ते आयसोप्रोपिल आमच्या खेड्यात भेटते कुठं?"
— यवतमाळ जिल्ह्यातले एक वाचक

भाऊ, स्मार्टवॉच चार्ज होत नसेल तर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि केबल बदलून बघा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. खर्च फुकट गेला की राग येणारच. पण बॅटरी गेली हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे. बॅटरी थकली की चिन्ह व्यवस्थित टिकतं, टक्के भराभर 100 वर जातात आणि दुपारपर्यंत घड्याळ बंद पडतं. चिन्ह येऊन जातं तेव्हा करंट लागतोय आणि तुटतोय. म्हणजे दोष बहुतेक करून घड्याळ आणि चार्जर जिथे एकमेकांना टेकतात तिथेच असतो. खात्री करायची तर घड्याळ चार्जरवर ठेवून अंगठ्याने हलकंच दाबून धरा. दाबल्यावर चिन्ह टिकलं आणि सोडल्यावर गेलं, तर बॅटरीचा विचार सोडून द्या.

आता पिना पुसण्याबद्दल. कोरड्या फडक्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसल्या असतील तर वरचा चिकटपणा निघतो, मीठ निघत नाही. आपल्याकडे दिवसभर वावरात राहिलं की घाम मनगटावरच वाळतो आणि घड्याळाच्या पाठीवरच्या त्या दोन गोल टिकल्यांवर मिठाचा पातळ थर बसतो. मीठ विरघळतं पाण्यात. आयसोप्रोपिलमध्ये ते जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे आयसोप्रोपिल नाही म्हणून तुमचं काम अडत नाही, पहिलं काम पाण्याचंच आहे. घड्याळ बंद करा. कापसाचा बोळा स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळा, टिकल्या त्याने पुसा, बोळा बदलून पुन्हा पुसा. मग मऊ, जुन्या टूथब्रशने टिकलीच्या कडेची खाच साफ करा, कारण मळ तिथेच दडतो. शेवटी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटचा बोळा फिरवा, म्हणजे तेलकटपणा जातो आणि ओल लवकर उडते. गावात मोबाईल दुरुस्त करणारा असेल तर त्याच्याकडे आयसोप्रोपिलची बाटली असतेच, दोन थेंब मागून घ्या. हात धुवायचं जेल सॅनिटायझर मात्र लावू नका, त्यातलं ग्लिसरीन टिकलीवर राहतं. आणि ब्लेड किंवा पॉलिश पेपर तर अजिबात नको. टिकलीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो खरवडला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या घामाला हिरवा होतो.

पुसताना चार्जर बहुतेक लोक विसरतात, आणि निम्मा दोष तिथेच असतो. चार्जरच्या पिना स्प्रिंगवर असतात. माझ्या मावसभावाचं घड्याळ वणीकडच्या वावरातून अगदी असंच माझ्याकडे आलं होतं. त्याने पाठ चकचकीत पुसली होती. मी चार्जर आडवा धरून बाजूने टॉर्च मारला, तर एक पिन दुसरीपेक्षा खाली बसलेली दिसली. शिवाय चुंबकाभोवती काळी बारीक पूड चिकटलेली होती. आपली काळी माती बसाल्ट खडकातून आलेली, तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण असतात. विश्वास बसत नसेल तर साधं चुंबक वाळलेल्या मातीतून फिरवून बघा. ही पूड घड्याळाला केसभर वर उचलून धरते, आणि आधीच खाली गेलेली पिन मग टिकलीला पोहोचतच नाही. चार्जरची केबल सॉकेटमधून काढली, चिकटपट्टी चुंबकावर दाबून पूड उचलली, पिनच्या कडेला स्पिरिटचा एक थेंब सोडला आणि काडेपेटीच्या काडीने पिन दाबत-सोडत राहिलो. आधी ती चिकटत वर येत होती, नंतर सटकन येऊ लागली. वाळू दिल्यावर घड्याळ ठेवलं, चिन्ह टिकलं. नवीन काहीच घ्यावं लागलं नाही.

तुमची केबल मात्र नवीन आहे, म्हणून तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागेल. दोन पिनांच्या चुंबकी केबली दिसायला सारख्या असतात, पण पिनांमधलं अंतर वेगळं असतं. 2.84 मिलिमीटर आणि 4 मिलिमीटर ही दोन मापं खूप चालतात. चुकीचं माप आलं तर चुंबक ओढून धरतं, पण एक पिन टिकलीच्या कडेला जेमतेम टेकते, आणि चिन्ह तुम्ही सांगता तसंच येऊन जातं. घड्याळाची टिकली आणि केबलची पिन शेजारी ठेवून पट्टीवर मोजा. माप जुळलं तरी प्लस-मायनस उलट असलेल्या केबलीही बाजारात असतात, म्हणून जुन्या केबलशी ताडून घेतल्याशिवाय ती घड्याळाला तासन्‌तास लावून ठेवू नका. गावात मोटारीचं काम करणाऱ्याकडे मल्टिमीटर असतोच. डीसी 20 व्होल्टवर लावून चार्जरच्या दोन पिनांवर टोकं ठेवा, मात्र ती एकमेकांना टेकू देऊ नका. 5 व्होल्टच्या आसपास आकडा हवा. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर टोकं उलट लागलीत. जुन्या आणि नव्या केबलवर लाल टोक त्याच बाजूला ठेवून दोन्ही आकडे घ्या: एकावर वजा आणि दुसऱ्यावर नाही, तर नवी केबल परत करा. मोजताना केबल वाकवून बघा, आकडा पडत असेल तर तार आतून तुटली आहे.

मीटर 5 दाखवतो म्हणून केबल शंभर टक्के चांगली, असंही नाही. भार नसताना तुटायला आलेली तारही 5 दाखवते. त्यावर उपाय सोपा आहे: शेजाऱ्याकडे तेच मॉडेल असेल तर तुमची केबल त्याच्या घड्याळाला लावा, त्याची तुमच्या घड्याळाला. आणि हे करताना पॉवर बँक वापरू नका. घड्याळ इतका कमी करंट घेतं की बऱ्याच पॉवर बँक काही लावलेलंच नाही असं समजून बंद होतात.

तुमचं घड्याळ पिनांचं आहे. ज्यांचं गोल पॅडवर, बिनपिनांचं चार्ज होतं, त्यांच्याकडे हाच दोष जागा चुकल्यामुळे येतो. घड्याळातली कॉइल आणि पॅडमधली कॉइल बरोबर समोरासमोर हव्यात, काही मिलिमीटर सरकल्या तरी चार्जिंग तुटतं. बंद केलेला पट्टा घड्याळाला तिरपं उचलतो, जाड कव्हरही तेच करतं. पट्टा उघडून सपाट ठेवा. मोबाईलच्या पॅडवर सगळी घड्याळं चार्ज होत नाहीत, सोबत आलेलाच पॅड वापरा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट बघा. टिनाच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी घड्याळ गरम होऊन स्वतःच चार्जिंग थांबवतं. लिथियमची बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर तापली की चार्ज करत नाहीत, आणि आपल्याकडे बाहेरचाच पारा तिथे जातो. सकाळी लावलं की चिन्ह टिकतं आणि दुपारी जातं, तर काहीही पुसू नका.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ओलं घड्याळ तसंच चार्जरवर टाकल्याने होतं. फवारणीवरून आलो, हात धुतले, घड्याळ काढलं आणि लावलं: दोन टिकल्यांमध्ये खारट पाणी आणि त्यावर 5 व्होल्ट, म्हणजे प्लसची टिकली झिजायला लागते. हिरवा डाग बहुतेक त्याच बाजूला दिसतो तो यामुळे. डाग पुसल्यावर टिकली पिवळी, चकचकीत दिसली तर घड्याळ वाचलं. खड्डा पडला असेल किंवा काही दिवसांत पुन्हा हिरवं आलं, तर मुलामा गेला. मग पाठीचं झाकणच बदलावं लागतं आणि स्वस्त घड्याळाला तो खर्च परवडत नाही. आणि पाठीचं झाकण फुगून वर आलेलं दिसलं, तर बॅटरी गेली हे मी लगेच मान्य करेन. ते घड्याळ पुन्हा चार्जरला लावू नका.

आधी अंगठ्याने दाबून बघा, मग पिनांचं अंतर मोजा, आणि दोन्हीचं काय झालं ते इथेच लिहा. दाबूनही चिन्ह टिकत नसेल आणि शेजाऱ्याच्या चार्जरवरही तेच होत असेल, तर दोष घड्याळाच्या आत आहे आणि ते उघडावंच लागेल.