डायव्हर्जन्स दिसला म्हणून टॉप लागत नाही

‘शेअरने नवा हाय केला आणि आरएसआयने केला नाही, म्हणजे डायव्हर्जन्स दिसला, की मोमेंटम संपलं समजा. टॉप हमखास लागतो. लगेच शॉर्ट करायचं,’ असं अनेकजण सांगतात.

मोमेंटम संपत नाही, मंदावतं. वाइल्डरने 1978 मध्ये मांडलेला आरएसआय म्हणजे साधा भागाकार आहे: गेल्या 14 दिवसांची सरासरी वाढ, भागिले सरासरी वाढ अधिक सरासरी घट, गुणिले शंभर. रोजची सरासरी वाढ 9 रुपये आणि घट 1 रुपया असेल तर आरएसआय 90. पुढे वाढ 6 आणि घट 2 झाली, की तो 75. आकडा 15 ने उतरला, पण शेअर अजून दिवसाला सरासरी 4 रुपये चढतोच आहे. कात्रजचा घाट चढताना गाडीचा वेग कमी झाला म्हणून ती उताराला लागली, असं आपण म्हणत नाही.

म्हणूनच जोरदार तेजीत हा इशारा सर्वात जास्त फसतो. ब्रेकआउटनंतरच्या पहिल्या उसळीत आरएसआय इतका वर जातो, की पुढची शांत चढण त्याला गाठूच शकत नाही. मग प्रत्येक नव्या हायला डायव्हर्जन्स दिसत राहतो.

‘हमखास’बद्दल कोथरूडच्या माझ्या मित्राचा ट्रेड सांगतो. शेअर 440 ला, आरएसआय 82. मग 425 पर्यंत खाली. पुन्हा 452, आरएसआय 71. त्याने 450 ला फ्युचर्स विकले. शेअर 438 ला थांबून वर फिरला आणि 476 ला त्याने शेअरमागे 26 रुपये तोटा घेतला. पुढचा हाय 478, आरएसआय 66. 460 पर्यंत करेक्शन, मग 490, आरएसआय 63. त्यानंतर शेअर 460 च्या खाली बंद झाला आणि 430 पर्यंत आला. नंतर चार्ट पाहणाऱ्याला 490 चा डायव्हर्जन्सच डोळ्यात भरतो. आधीचे दोन फसलेले कोणी मोजत नाही.

आणि ‘लगेच’ तर मुळीच नाही. दोन हायमधला तळ क्लोजिंगला तुटेपर्यंत थांबायचं. मित्राच्या बाबतीत तो 425 होता आणि तो कधी तुटलाच नाही. 460 तुटला, तेव्हा खरा सौदा होता. थांबल्यामुळे वरचे 30 रुपये हातचे जातात, हे मान्य आहे. पण कॅश मार्केटमध्ये शॉर्ट त्याच दिवशी कापावा लागतो. तो पुढे न्यायचा तर फ्युचर्स किंवा ऑप्शन्स लागतात. तिथे चुकीचा सौदा लॉटच्या पटीने अंगावर येतो.

शेअर हातात असेल तर मात्र मी डायव्हर्जन्स जरूर पाहतो. तो दिसला की नवी खरेदी थांबवतो आणि स्टॉपलॉस त्या मधल्या तळाच्या किंचित खाली आणून ठेवतो.