जनावरांचं जंताचं औषध आणि घरातलं लेकरू

नाव तेच आहे म्हणून औषध तेच, हा समज आमच्या खानापूर-बेळगाव भागात घरोघरी आहे आणि मला त्याची काळजी वाटते. मी औषधांच्या दुकानात बसतो. गावाकडं एकाच दुकानात माणसांची आणि जनावरांची औषधं मिळतात, त्यामुळं हे रोज समोर दिसतं.

मागं एक वैनी बाटली घेऊन आल्या. म्हशीसाठी आणलेलं अल्बेंडाझोल होतं. "अंगणवाडीत हेच देतात की ओ, नाव बघा. दीड वर्षाच्या पोराला दहा मिली देऊ काय?" नाव खरंच तेच होतं. रंगही तसाच, पांढरा. फरक होता तो जोराचा.

माणसांच्या अल्बेंडाझोलच्या बाटलीवर साधारणपणे 5 मिलीत 200 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. ती छोटी बाटली दहा मिलीची, म्हणजे सगळी मिळून 400 मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या मुलाला त्यातली अर्धीच, म्हणजे 200 मिलिग्रॅम देतात. वैनींच्या हातातलं औषध 10 टक्क्यांचं होतं, म्हणजे एका मिलीतच 100 मिलिग्रॅम. दहा मिली पाजलं असतं तर पोराच्या पोटात 1000 मिलिग्रॅम गेलं असतं, पाचपट. एवढ्यानं लगेच जीव जातो असं मी म्हणणार नाही, पण उलट्या, पोटदुखी, चक्कर हे होऊ शकतं. शिवाय जनावरांच्या काही अल्बेंडाझोलमध्ये कोबाल्ट आणि सेलेनियमही घातलेलं असतं, त्याचा हिशोब लेकरासाठी कुणी केलेला नसतो.

मोठ्या गोळीचंही तसंच. जनावरांच्या गोळीला बोलस म्हणतात. अल्बेंडाझोलची बोलस दीड ग्रॅमची असते, तीन ग्रॅमचीही असते. माणसाची गोळी 400 मिलिग्रॅमची, म्हणजे तीन ग्रॅमच्या एका बोलसमध्ये तशा साडेसात गोळ्या झाल्या. "चार तुकडे करून घेतो" म्हणणारेही भेटतात. पण दीड ग्रॅमची आहे की तीन ग्रॅमची हे न बघता केलेला चौथा तुकडा म्हणजे कधी 375, कधी 750. तुकडे सारखे पडतील याचीही खात्री नाही. आणि गरोदर बाईनं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हे औषध डॉक्टरांना न विचारता घ्यायचंच नसतं.

मग ओळखायचं कसं? लेबल फिरवून बघा. औषध नियमांप्रमाणं जनावरांच्या औषधावर पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र असावं लागतं, आणि सोबत 'नॉट फॉर ह्यूमन यूज. फॉर ॲनिमल ट्रीटमेंट ओन्ली' असं छापावं लागतं. नावापुढं 'व्हेट' दिसलं तरी समजा. डोस शंभर किलो वजनामागं सांगितला असेल तर ते बाळासाठी नव्हे हे उघड आहे. मला स्वतःला सगळ्यात खात्रीची वाटते ती 'विदड्रॉवल पिरियड'ची ओळ. औषध दिल्यावर किती दिवस दूध किंवा मांस वापरायचं नाही, हे त्यात असतं. माणसाच्या औषधावर अशी ओळ कशाला येईल?

अडचण ही की बहुतेक वेळा हे सगळं इंग्रजीत असतं. इथल्या गोठ्यात काम करणारी बाई कन्नड बोलते नाहीतर मराठी. तिनं ते वाचावं कसं? माझं ठाम मत आहे की हा इशारा सीमाभागात दोन्ही भाषांत ठळक छापला पाहिजे. तोवर दुकानदारानं तरी बाटलीवर पेननं 'जनावरांचं' असं दोन्ही भाषांत लिहून द्यावं.

आणि ओतून देणं बंद करा. थंड पेयाच्या, खोकल्याच्या बाटलीत औषध गेलं की चित्र, इशारा, डोस सगळं मागं राहतं. गोचिडावरच्या अमिट्राझच्या बाबतीत तर हे फार वाईट. ते पाण्यात पातळ करून जनावराच्या अंगावर लावायचं असतं. पोटात गेलं की माणूस गुंगतो, नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर वाढते. त्यावर ठरलेला उतारा नाही. लक्षणं पिकावरच्या फवारणीच्या विषासारखी दिसतात आणि बाटली समोर नसली तर डॉक्टर भलत्याच विषाचे उपचार सुरू करू शकतात. उवांसाठी पोरांच्या डोक्याला हे चोळणारेही आहेत, तेही नको.

चुकून पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी करवू नका. अमिट्राझसारख्या औषधांत तेलकट द्रावक असतात, ते उलटीतून फुप्फुसात गेलं तर नवं दुखणं. 108 ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्सच्या विष माहिती केंद्राचा 1800-116-117 हा मोफत नंबरही आहे. जाताना मूळ बाटली, खोका, उरलेली गोळी, जे असेल ते सोबत न्या. किती मिली गेलं, किती वाजता गेलं, हे दारातच डॉक्टरांना सांगा.