ओळी मोजल्याशिवाय रॅगलनचा मुंढा बसत नाही

"१० सेंमीत टाके जुळले की झालं, ओळी बघायच्याच नाहीत. वरून खाली विणताय ना? मग टेप लावा. मुंढ्याची खोली आली की वाढवणं थांबवून बाह्या वेगळ्या करा. थोडं कमीजास्त झालं तर धुतल्यावर बसतं."

स्वेटर विणण्याबद्दल आलेला हा मेसेज पंचवटीतल्या माझ्या मावशीने तंतोतंत पाळला. दादा पहाटे निफाडला जातो, तिथल्या थंडीसाठी त्याचा स्वेटर. परवा गेले तर स्वेटर छातीवर इतका ताणलेला, की टाके उघडे पडून आतला बनियन दिसत होता. महिनाभराचं काम उसवावं लागलं. असं कुणालाही बेधडक सांगायचं?

मुंढ्याच्या खोलीवर थांबण्याचा सल्लाच सगळ्यात घातक आहे. रॅगलन म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघांनी बाही जोडलेला स्वेटर. त्यात चार रेघांवर मिळून ८ टाके वाढतात, बहुधा एक फेरी सोडून एक. म्हणजे रुंदी फेऱ्यांवर अवलंबून असते. मावशीच्या पॅटर्नमध्ये १० सेंमीला २० टाके, २८ ओळी होत्या. वाढ २८ वेळा, म्हणून ५६ फेऱ्या, खोली २० सेंमी. मावशीचे टाके २०च भरले, पण ओळी २४. तिच्या २० सेंमीत ४८च फेऱ्या बसल्या आणि वाढ २४ वेळाच झाली. अंगाचे १६ टाके कमी पडले, म्हणजे घेर ८ सेंमीने कमी, शिवाय प्रत्येक बाही ४ सेंमीने. आणि ५६ फेऱ्या पुऱ्या केल्या असत्या, तर मुंढा सव्वातीन सेंमी खाली लोंबला असता. मग हात वर केला की सगळा स्वेटर वर ओढला जातो.

करायचं असं, की वाढ २८ वेळाच ठेवायची, पण ४८ फेऱ्यांत बसवायची. १२ फेऱ्यांचा एक गट धरा. त्यातल्या पहिल्या १० फेऱ्यांत नेहमीसारखी एकाआड एक, ५ वेळा वाढ. शेवटच्या दोन फेऱ्यांत मात्र लागोपाठ वाढ. गटात ७ झाल्या. असे चार गट केले की २८. लागोपाठची वाढ अशी विखुरली, तर रेघेत बाक दिसत नाही. मावशीने आता असंच घेतलंय, तिसरा गट चालू आहे. ओळी पॅटर्नपेक्षा जास्त भरत असतील तर उलट करा, मधेमधे वाढ नसलेली फेरी घाला.

धुतल्यावर बसतं म्हणे! आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ती बरीचशी ॲक्रिलिक असते, ती धुऊन ८ सेंमी कुठून वाढणार? धुवायचा तो नमुन्याचा तुकडा, आणि ओळी त्यानंतर मोजायच्या. सुई बदलून ओळी जुळवायला गेलात तर टाके बिघडतात.

टेपचं म्हणणं मुंढ्याखाली खरं आहे, तेवढं मान्य. तिथे अंग सरळ असतं, हवं तेवढं विणा. बाहीचे टाके कमी करताना मात्र ओळी मोजाव्याच लागतात.