ठिकाणं नंतर, आधी थांबे ठरवा

आज बचत गटाच्या सहलीचा आराखडा आला. एका दिवसात 7 ठिकाणं, पहाटे निघायचं, वाटेत ‘चहा – 15 मिनिटं’. स्वच्छतागृहाचं नावच नाही! विचारलं तर उत्तर आलं, "अगं, मिळेल की वाटेत कुठेतरी." हे ‘कुठेतरी’ ऐकलं की डोकंच फिरतं.

साधा हिशोब करा. गाडीत 24 जणी, थांब्यावर वापरण्याजोगे संडास 2. एकीला 3 मिनिटं धरली तरी शेवटची बाहेर येईपर्यंत 36 मिनिटं होतात. साडी सावरायची, गुडघे धरलेले, मग 5 मिनिटंही लागतात. 15 मिनिटांत तरुण मुली पटकन उरकून येतात आणि मोठ्या बायका "मला नाही गं जायचं" म्हणत गाडीतच बसतात. जायचं असतं त्यांनाही. गेल्या वर्षी आमच्या एक काकू अशाच बसून राहिल्या. सकाळपासून पाण्याची बाटली उघडलीच नव्हती, म्हणजे जावंच लागू नये. दुपारी डोकं ठणकायला लागलं तेव्हा कुठे कळलं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, मग त्या दिवशी गोळीच चुकवणाऱ्याही असतात. ते तर आणखी वाईट.

म्हणून दर दीड-दोन तासांनी पाऊण तासाचा थांबा, आणि तिथे आधी फोन. नुसतं "सोय आहे का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात. बायकांसाठी किती आहेत, कमोड किती, नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का, पॅड टाकायला डबा आहे का, हे विचारा. थांबल्यावर मोठ्या बायका आणि लहान मुलं असलेल्या आधी, बाकीच्यांनी तोवर चहा घ्यावा.

असे थांबे धरले की 7 ठिकाणं बसतच नाहीत, 3 बसतात. तरुणींना भरपूर फिरायचं असतं, मान्य. त्यांनी एका ठिकाणी दोन तास वर चढून यावं, बाकीच्यांनी खाली सावलीत बसावं. पण ती सावलीही स्वच्छतागृहाजवळच हवी.

जरा चांगल्या ठिकाणी थांबायचं तर खर्च वाढतो, हेही खरं. त्यासाठीच सहलीची वर्गणी बचतीपासून वेगळी लिहा. बचतीचे पैसे अंतर्गत कर्जात फिरत असतात, ऐन सहलीच्या महिन्यात हातात नसतात. शिवाय न येणारीच्या बचतीतून सहल का व्हावी? अंदाजे खर्च 12 ऐवजी 10 हप्त्यांत वाटा, म्हणजे मागे राहिलेल्यांना दोन महिने मिळतात. आणि गाडीचा वाटा परत मिळणार नाही, जेवणाचा मिळेल, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. 24 मधल्या 4 गळाल्या तरी गाडीचं भाडं तेवढंच राहतं, उरलेल्या प्रत्येकीवर गाडीचा वाटा 20 टक्क्यांनी चढतो. मग भांडणं होतात, आणि पैसे वाचवायला पहिला बळी चांगल्या थांब्याचा जातो.

काकू यंदा नाव द्यायला कचरतायत. आराखडा बदलून आधी त्यांनाच दाखवणार आहे.