दोन मिनिटांची साडेसाती

'आज काहीतरी सोपं करू' असं घरात ठरलं की इन्स्टंट नूडल्स करायचं काम बिनविरोध माझ्याकडे येतं. सोपं! चिरंजीवांना शेवया कडक हव्यात, आईला कवळीमुळे अगदी मऊ, आणि पातेलं एकच.

पहिली लढाई पाण्याची. सत्तर ग्रॅमच्या एका वडीला साधारण 210 मिली, म्हणजे मापाच्या कपाने कपभराला थोडंच कमी पाणी लागतं. मग दोन वड्यांना 420? इथेच शाळेतलं त्रैराशिक दगा देतं. पातेलं तेच असल्यामुळे वाफेवाटे जाणारं पाणी काही दुप्पट होत नाही, म्हणून पावणेचारशे पुरतं. पसरट कढई घेतली तर मात्र पाणी झपाट्याने उडतं आणि घोटभर वाढवावं लागतं. "अंदाजाने घाल की!" असं ही बाहेरून सांगते. हिचा अंदाज हिच्या हाताला आहे, तो मला कसा मिळणार?

पाणी खळखळ उकळलं की वड्या आणि मसाला एकदमच सोडायचा. यावरून आमच्याकडे कायमचा तंटा आहे. हिच्या मते मसाला शेवटी घातला की वास टिकतो. वास टिकतो, कबूल. पण शेवया फुगताना जे पाणी पितात त्यातूनच मीठ आत शिरतं. मसाला उशिरा पडला तर शेवई आतून अळणी राहते आणि वर मसाल्याच्या गुठळ्या. म्हणून चिमूटभर मसाला मागे ठेवून तो मी गॅस बंद करताना भुरभुरतो. त्याने तह होत नाही, पण तोंडं तेवढी बंद राहतात.

मिनिटभराने वडी उलटायची, ती सुटली की चमच्याने डिवचत बसायचं नाही, नाहीतर तुकडे होतात. दोन मिनिटांनी एक शेवई दाताखाली तोडून बघावी. मधोमध पांढुरका ठिपका दिसला की कडकवाल्यांचं ताट तयार, मग थोडा ओलावा असतानाच काढायचं. उरलेल्यात पाव कप उकळतं पाणी घालून, झाकण ठेवून आणखी दोन मिनिटं, की कवळीचीही सोय झाली.

शेवया कारखान्यात तळून आलेल्या असतात. त्यांच्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी आत जायचं काम गॅस बंद केला तरी चालूच राहतं. त्यामुळे कडक ताट वाढल्या वाढल्या खायला हवं. चिरंजीव "आलोच" म्हणाले. आमच्या घरात 'आलोच'चा अर्थ किमान दहा मिनिटं. तोवर शेवया फुगून मऊ झाल्या, आईने ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "आज छान शिजवलंस हो!" तिचं स्वतःचं ताट गॅसशेजारी झाकलेलं होतं, ते हिने संपवलं.

चिरंजीव बाहेर आले तेव्हा मी तिसरं पाकीट फोडत होतो. 210 मिली मोजून घेतलं, तेवढ्यात ही म्हणाली, "आता एकच आहे ना, मग मसाला शेवटी घालून बघ."